लेबल प्रिंटरचं सॉकेट कायम उघडं ठेवायचं की दर लेबलला उघडून मिटायचं?

पॅनेलवाला: कंट्रोलर आणि लेबल प्रिंटरमधलं सॉकेट कायम उघडं ठेवणारे उगाच डोक्याला ताप करून घेतात. लेबल आलं की प्रिंटरच्या ९१०० पोर्टवर कनेक्ट व्हा, स्ट्रिंग टाका, कंट्रोलरचा DONE आला की मिटा. रीकनेक्टचा प्रश्नच उरत नाही. चार कारखान्यांत हेच टाकलंय, एक कम्प्लेंट नाही.

मिऱ्याबंदर: त्या DONE वर भरवसा ठेवून आमचा अख्खा लॉट अडकला होता म्हणून सविस्तर लिहितोय. रत्नागिरी, आंब्याच्या पल्पची लाईन, मे महिना. दर कार्टनला एक लेबल, त्यावर अनुक्रमांक. कंट्रोलरच्या पॅनेलला यूपीएस, प्रिंटर मात्र थेट भिंतीच्या प्लगवर. दुपारी लाईट दोन सेकंद गेली आणि आली, प्रिंटर रीस्टार्ट झाला, कंट्रोलरला काही कळलंच नाही, कारण मधला स्विच पण यूपीएसवर, त्यामुळे पोर्टचा दिवा हिरवाच. प्रिंटर तयार दिसल्यावर सुपरवायझरने लाईन चालू केली. ४१२ ची स्ट्रिंग गेली, DONE आला, काउंटर पुढे सरकला. प्रिंटरकडे ते जुनं कनेक्शन शिल्लकच नव्हतं, त्याने RST, म्हणजे हे कनेक्शन नाही असा नकार, पाठवून दिला. ४१३ ला एरर आला, आमचा कोड रीकनेक्ट झाला, ४१३ परत पाठवलं, ते व्यवस्थित छापलं. ४१२ गेलं ते गेलंच. पॅकिंगच्या ताईंनी हातात आलेलं ४१३ चं लेबल ४१२ च्या कार्टनवर लावलं आणि तिथून पुढे प्रत्येक खोक्यावर एक नंबर पुढचा. कळलं कधी, संध्याकाळी गाडी भरताना.

DONE म्हणजे कंट्रोलरने स्ट्रिंग आपल्याच टीसीपीच्या बफरात टाकली, एवढंच. प्रिंटरला मिळाली की नाही ते त्याला माहीत नाही, छापली की नाही हे तर लांबच.

पॅनेलवाला: अहो मग तुमची गोष्ट माझीच बाजू सांगते की. दर लेबलला नवीन कनेक्शन असतं तर मेलेल्या सॉकेटवर ४१२ गेलंच नसतं. प्रिंटर उठला नसता तर कनेक्टलाच एरर, उठला असता तर छापलं असतं. चूक तुमच्या कायम उघड्या सॉकेटची आहे.

मिऱ्याबंदर: हे मान्य. ४१२ वाचलं असतं. पण रिबन संपली तेव्हा काय करता? रिबन संपली, कागद संपला, तरी प्रिंटरचं नेटवर्क जिवंत असतं, तो कनेक्ट होऊ देतो, स्ट्रिंग घेतो, बफरात रचून ठेवतो. तुमचा DONE प्रत्येक वेळी येणार. आणि त्याच वेळी लाईट गेली तर रचलेलं सगळं साफ.

तारकर्ली_होमस्टे: माझ्याकडे पण हाच त्रास आहे, बिलाचा प्रिंटर वायफायवर, दोन दिवस चालतो मग सापडतच नाही, मोबाईल रीस्टार्ट करून पण उपयोग नाही, काय करावं?

शिफ्ट_बी: तुमचं वेगळं आहे. राउटर त्याला नवीन आयपी देत असणार. राउटरमधे त्या प्रिंटरचा आयपी बांधून टाका.

कुडाळकर: माका एक सांगा, पन्नास हजाराचो प्रिंटर घेतात आणि यूपीएसचो एक पॉईंट ओढूक जमत नाय? सॉकेटचो कसलो वाद घालतास. पावसाळ्यात आमच्याकडे दिवसाक धा वेळा लाईट जाता, पयलो वारो इलो की फीडर गेलो.

पॅनेलवाला: पॉईंट लावायला सांगितलं की मालक म्हणतो पुढच्या सीझनला बघू. पुण्याहून इंटिग्रेटर येतो, एसीत बसून टेस्ट करतो, त्याच्या ऑफिसात लाईट जात नाही, बिल घेऊन जातो, आणि जूनमधे फोन उचलत नाही.

शिफ्ट_बी: सगळे पुण्याचे तसे नसतात. मी स्वतः पुण्याहून येतो, कशेडीत दरड आली तेव्हा रात्रभर गाडीत बसून सकाळी लाईन चालू करून दिली आहे. मालकाने कोटेशनमधून यूपीएस काढायला लावला तर दोष आमचा कसा?

पॅनेलवाला: कोटेशनमधून काढला तर हँडओव्हरला लिहून द्यायचं ना की प्रिंटर यूपीएसवर नाही. कोण देतं लिहून?

शिफ्ट_बी: मी देतो. सही घेऊन. बाकीच्यांचं मी नाही सांगू शकत.

कुडाळकर: सही घेतलास म्हणान लाईट जावची थांबता काय?

मिऱ्याबंदर: कुडाळकर, आम्ही दुसऱ्याच दिवशी प्रिंटर यूपीएसवर घेतला. मग उलटं झालं. पॅनेलचा ब्रेकर ट्रिप झाला, कंट्रोलर मेला, प्रिंटर जिवंत. प्रिंटरला वाटतं जुना गडी अजून लाईनवर आहे, आमचा प्रिंटर एका वेळी एकच कनेक्शन घेतो, कंट्रोलर उठून कनेक्ट करतो तर नकार. प्रिंटर बंद-चालू केल्यावरच सुटलं. इथे मात्र पॅनेलवाल्यांची पद्धत खरंच बरी, सॉकेट क्षणभरच उघडं असल्याने अडकायची शक्यता कमी.

आता आम्ही सॉकेट उघडंच ठेवतो, पण प्रत्येक लेबलच्या आधी प्रिंटरची स्थिती विचारणारी `~HS` कमांड पाठवतो. प्रिंटर तीन ओळी परत देतो:

```
030,0,0,1245,000,0,0,0,000,0,0,0
001,0,0,0,1,2,4,0,00000000,1,000
1234,0
```

पहिल्या ओळीतला दुसरा आकडा १ झाला तर कागद नाही, तिसरा १ झाला तर पॉज, पाचवा म्हणजे बफरात किती लेबलं थांबलीत. दुसऱ्या ओळीत तिसरा आकडा हेड उघडं, चौथा रिबन. उत्तर दोन सेकंदात आलं नाही तर कनेक्शन मेलं असं धरायचं, आधी जुनं नीट मिटायचं, तीन सेकंद थांबायचं, मग नवीन. कीपअलाईव्हच्या भरवशावर बसू नका, लिनक्सवर तो मुळात दोन तास गप्प असतो. आणि उत्तर तुकड्यात येतं. एकदा वाचलं की तीन ओळी मिळाल्या असं धरून आम्ही दोन दिवस फसलो, प्रत्येक ओळ ETX या न दिसणाऱ्या खुणेवर संपते, तिसरा ETX येईपर्यंत जमा करत राहायचं. लेबल पाठवल्यावर परत `~HS`, बफर शून्य झालं की मगच काउंटर पुढे.

शिफ्ट_बी: आणि लेबल पाठवलं, दुसरं `~HS` यायच्या आत कनेक्शन तुटलं तर? छापलं की नाही?

मिऱ्याबंदर: तिथे कोडला कळणं शक्य नाही. आम्ही लाईन थांबवतो, स्क्रीनवर विचारतो, ऑपरेटर बघून सांगतो.

शिफ्ट_बी: माझ्या एका साईटवर फिशच्या लाईनला ऑपरेटर न बघताच "छापा" दाबायचा, एकाच नंबरची दोन खोकी कोल्डस्टोरेजात गेली. तेव्हापासून मी प्रिंटरच्या पुढे स्कॅनर लावतो, स्कॅन झालं तरच नंबर पुढे, तोच नंबर परत आला तर खोकं बाजूला. ऑपरेटरला विचारणं हा उपाय मला पटत नाही.

मिऱ्याबंदर: स्कॅनर असेल तर उत्तमच. आमच्याकडे मंजूर होत नाही, आणि आमच्या ताई बघतात.

पॅनेलवाला: ठीक आहे, `~HS` मी माझ्यात घालतो, तेवढं पटलं. पण उघडून-मिटून मी सोडणार नाही. रविवारी लाईन बंद आहे, प्रिंटरची नेटवर्क केबल उपटून दोन्ही पद्धती बघतो.

मिऱ्याबंदर: केबल नको, प्रिंटरचा प्लग उपटा. केबल काढून दहा सेकंदात परत लावली तर टीसीपी राहिलेलं परत पाठवतो, तेच कनेक्शन पुढे चालू राहतं आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे. आम्ही लाईन ताब्यात घेताना केबलच उपटून बघितली होती.