चहा-नाश्त्याची फ्रँचायझी: ६ लाख भरून ५ वर्षांत पैसे सुटतात का?

कोथरूडकर: कोथरूडला चहा-नाश्त्याची फ्रँचायझी मिळतेय. प्रवेश शुल्क ६ लाख, फर्निचर-मशीन १४ लाख, विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी, करार ५ वर्षांचा. महिन्याला ४ लाखांची विक्री होते असं कंपनी सांगते. घ्यावी का?

मंदार: घ्या. नफ्यातले ६ टक्के गेले तर काय बिघडलं? शुल्कावरचा जीएसटीही परत मिळतो.

हिशेबनीस: मंदार, रॉयल्टी नफ्यावर नसते, गल्ल्यावर असते. तोटा झाला तरी द्यावीच लागते. आणि जीएसटीचा परतावा इतर धंद्यांत मिळतो, पण ५ टक्क्यांच्या हॉटेलवाल्याला नाही. म्हणजे ६ लाखांवरचे १ लाख ८ हजार गेलेच.

४ लाखांचा महिना मांडून बघा. माल ४२ टक्क्यांनी १,६८,०००, भाडं ६५,०००, पोरांचे पगार ७०,०००, वीज-गॅस २०,०००. ॲपवरून १ लाख २० हजारांचा माल गेला तर त्यांचं कमिशन ३०,००० धरा. रॉयल्टी २४,००० आणि त्यावर जीएसटी ४,३२०. उरतात १८,६८०. पाच वर्षांत सव्वाअकरा लाखसुद्धा होत नाहीत, घातलेत २१ लाख. तुमचा स्वतःचा पगार यात धरलेलाच नाही.

मंदार: रॉयल्टीचं चुकलं, मान्य. पण ५ लाख विक्री झाली तर? भाडं, पगार तेवढेच राहतात, हातात साठेक हजार येतात. नवख्या नावाच्या टपरीवर इतकं गिऱ्हाईक पहिल्या महिन्यापासून कोण आणून देणार?

वैशाली: माझं क्लासच्या फ्रँचायझीत झालं ते सांगते. फ्रँचायझी ५ वर्षांची, जागेचा लिव्ह अँड लायसन्स ३ वर्षांचा. मालकाने पुढे भाडं एवढं मागितलं की जागा सोडावी लागली. पार्टिशन, बोर्ड, वायरिंग सगळं तिथेच राहिलं आणि नवीन जागेचा खर्च पुन्हा माझ्याच माथी. दादा, आधी जागामालकाकडून ६० महिने लिहून घ्या.

हिशेबनीस: ताईंचा मुद्दा फार मोलाचा. मंदारचंही खरं आहे, नावाला किंमत असते. माझ्या हिशेबाने ४ लाख ४० हजारांच्या आसपास पाच वर्षांत घातलेले पैसे सुटतात. म्हणजे रोज पंधरा हजारांच्या आत-बाहेर, ८० रुपयांच्या बिलाने १८० ते १८५ बिलं.

हे कंपनीला विचारू नका. तिच्या चालू दुकानात सकाळी उघडताच एक चहा घ्या, रात्री बंद होताना दुसरा. बिलांवरचे नंबर ओळीने असतील तर दोन्हींतला फरक म्हणजे दिवसाची बिलं. आणि करारात ‘विक्री’ म्हणजे काय ते वाचा. ॲपवर ग्राहकाला सूट दिली तर रॉयल्टी सुटीआधीच्या रकमेवर लागते की नंतरच्या?

कोथरूडकर: मसुद्यात नुसतं ‘एकूण विक्री’ लिहिलंय. जागामालक ३६ महिन्यांच्या पुढे सरकत नाही.

मंदार: मग कंपनीकडे ३ वर्षांचा करार आणि शुल्क त्या प्रमाणात मागा.

हिशेबनीस: शुल्क कमी केलं तरी १४ लाखांचं फर्निचर ३६ महिन्यांत वसूल व्हायला हवं, मंदार. माझं मत अजून नाहीच.

कोथरूडकर: मंगळवारी आणि रविवारी, दोन्ही दिवस बिलं घेऊन येतो. मग इथेच आकडे टाकतो.