मदत हवी आहे: शाळेने मुलीला काढून दिलेलं गूगल क्लासरूमचं अकाउंट कायमचं डिलीट कसं करायचं?

सातवीची_आई: नमस्कार, लेक यंदा सातवी पास झाली, आम्ही नाशिकहून पुण्याला शिफ्ट होतोय म्हणून शाळा बदलणार. चौथीत असताना शाळेने सगळ्यांना शाळेच्या नावाचा मेल आयडी काढून दिला होता, त्यावर क्लासरूम, ड्राइव्ह, मेल असं सगळं चालतं. पासवर्ड सगळ्यांचा एकाच पद्धतीचा, नाव आणि जन्मतारीख, त्यामुळे वर्गातलं कोणीही उघडू शकतं आणि एकदा तिच्या नावाने कोणीतरी वर्गात वेड्यासारखी कमेंट टाकलीही होती. आता ते बंद करायचंय. मी फोनच्या सेटिंगमधून अकाउंट रिमूव्ह केलं, पण लॅपटॉपवर आयडी टाकला तर अजून लॉगिन होतंय. बाईंना विचारलं तर म्हणाल्या "लॉगआउट करा, झालं". खरंच झालं का?

मी_पुणेकर: सोप्पंय हो, फॅमिली लिंक अ‍ॅप उघडा, मुलाचं अकाउंट निवडा आणि डिलीट करा. माझ्या मुलाचं मी तसंच केलं दोन मिनिटांत.

सातवीची_आई: दादा फॅमिली लिंक कधी वापरलंच नाही, हा आयडी शाळेच्या डोमेनचा आहे.

लॅबवाले_सर: फॅमिली लिंकमध्ये पालकाने स्वतः काढलेलं अकाउंट असतं, हे वेगळं. मी एका शाळेत हेच काम बघतो म्हणून सांगतो. फोनवरून रिमूव्ह केलं की फक्त त्या फोनवरून जातं. आणि शाळेचं अकाउंट मुलाला किंवा पालकाला डिलीट करताच येत नाही, ते शाळेच्या अ‍ॅडमिनच्याच हातात असतं. वर्गशिक्षिकेकडेही बहुतेक ते बटण नसतं, म्हणून बाईंनी तसं सांगितलं असणार, त्यांना दोष देऊ नका. क्लासरूममधून "वर्ग सोडा" केलं तरी अकाउंट जागेवरच राहतं.

पण आधी घाई करू नका. अकाउंट डिलीट झालं की तिचं ड्राइव्ह आणि मेल त्याच्यासोबत जातं. 20 दिवसांच्या आत अ‍ॅडमिन परत आणू शकतो, त्यानंतर कोणीच नाही. म्हणून takeout.google.com/transfer वर तिच्या आयडीने जा, तुमचा साधा जीमेल द्या, त्यावर कोड येतो तो टाका, ड्राइव्ह आणि मेलची कॉपी तिकडे येते. कधी काही तासांत, कधी आठवडा लागतो. तुमच्या जीमेलमध्ये जागा बघून घ्या. काही शाळा ही सोय बंद ठेवतात, मग हवे ते फोटो नि प्रोजेक्ट एकेक डाउनलोड करायचे.

सातवीची_आई: बापरे बरं झालं विचारलं, तिचं विज्ञान प्रदर्शनाचं प्रेझेंटेशन तिथेच आहे. पण एक गोष्ट, काही गृहपाठाच्या फाइल दिसतात पण बदल करता येत नाहीत, असं का?

लॅबवाले_सर: सबमिट केलेली फाइल शिक्षकाच्या मालकीची होते, त्यांनी परत केली की पुन्हा मुलाची. म्हणजे न तपासलेला गृहपाठ शिक्षकाकडेच अडकलेला असतो. त्या फाइल उघडून "कॉपी बनवा" केलं की तुमची होते.

कायद्याचं_बोला: अहो विनंती कसली करताय, डेटा संरक्षण कायदा आलाय, शाळेला लगेच डिलीट करावंच लागतं, नोटीस पाठवा.

लॅबवाले_सर: कायदा 2023 चा आहे, मुलांच्या डेटासाठी पालकांची संमती आणि डेटा पुसून घेण्याचा हक्क त्यात आहे, हे बरोबर. पण त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात, शिवाय निकाल, दाखले शाळेला ठेवावेच लागतात. नोटिशीने ऑफिस बिथरतं, साधा अर्ज जास्त चालतो. त्यात नाव, इयत्ता, पूर्ण आयडी लिहा आणि स्पष्ट लिहा की "अकाउंट सस्पेंड न करता डिलीट करावे". सस्पेंड केलं तर लॉगिन थांबतं पण डेटा तसाच पडून राहतो, आणि शाळांना तेच सोपं वाटतं. पोच घ्या.

दोन_पोरांचा_बाप: आमच्याकडे वेगळाच घोळ झाला. पोराने शाळेच्या आयडीने एका क्विझ अ‍ॅपमध्ये "गूगलने साइन इन" केलं होतं. शाळेने आयडी उडवला, आता अ‍ॅपमध्ये त्याचं नाव, गुण सगळं आहे आणि आम्हाला आत जाताच येत नाही. त्या कंपनीला दोन मेल केले, उत्तर नाही.

लॅबवाले_सर: म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी असली अ‍ॅप उघडून तिथल्या सेटिंगमधून अकाउंट काढा, मग शाळेचं. कोणकोणती अ‍ॅप जोडली आहेत ते तिच्या आयडीने myaccount.google.com/connections वर दिसतं. तुमच्या बाबतीत पोराचा जुना आयडी लिहून पालक म्हणून त्यांच्या प्रायव्हसीच्या पत्त्यावर पुन्हा मेल करा, बाकी मलाही ठाऊक नाही.

सातवीची_आई: अपडेट देते. ट्रान्सफर चालू झालं, चार अ‍ॅप सापडली, त्यातली तीन काढली, चौथ्यात डिलीटचं बटणच सापडत नाहीये. ऑफिसात क्लार्क म्हणाले एलसी घ्यायला याल तेव्हा अर्ज द्या. पासवर्ड मात्र आजच बदलला. डिलीट झालं की नाही हे मला घरबसल्या कसं कळेल?

लॅबवाले_सर: लॉगिनच्या पानावर आयडी टाकून बघा. अकाउंट सापडत नाही असं आलं तर गेलं. बंद केलंय, अ‍ॅडमिनशी बोला असं आलं तर फक्त सस्पेंड केलंय, अर्जाची पोच घेऊन परत जा.