मदत हवी आहे: फुल हाउस आणि फ्लश मोजताना बरोबर दहापटीचा फरक येतोय

सत्तीवर_सत्ती
मंडळी, ५२ पानांच्या कॅटमधून पाच पानं वाटली तर फुल हाउस, म्हणजे एका किमतीची तीन आणि दुसऱ्या किमतीची दोन पानं, येणं जास्त अवघड की फ्लश, म्हणजे पाचही पानं एकाच रंगाची, आणि किती पटीने, एवढंच मोजायचं होतं. पोकरमध्ये फुल हाउस वरचढ धरतात म्हणजे ते दुर्मिळ असणार, इथपर्यंत ठीक आहे, घोळ आकड्यांत आहे.

मी एकेक पान वाटत गेल्यासारखं मोजलं. फ्लशला पहिलं पान कुठलंही, ५२ पर्याय, समजा बदाम आलं तर बदामाची १२ उरली, मग ११, १०, ९. गुणाकार ६,१७,७६०. फुल हाउसला पहिलं पान कुठलंही ५२, समजा राजा आला, मग उरलेल्या ३ राजांतला एक, मग २ मधला एक, चौथं पान राजा सोडून काहीही म्हणून ४८, समजा सत्ती, आणि पाचवं उरलेल्या ३ सत्त्यांपैकी एक. गुणाकार ४४,९२८. म्हणजे फ्लश १३.७५ पट जास्त वेळा यायला पाहिजे.

पण मित्राने निवडीच्या सूत्राने काढलं तर त्याला फ्लश ५,१४८ आणि फुल हाउस ३,७४४ मिळाले, म्हणजे फक्त १.३७५ पट. दशांशचिन्ह एक घर सरकलंय! अशी बरोबर दहापट योगायोगाने येत नाही ना? शिवाय पाच पानांचा क्रम काढून टाकायला मी दोन्ही आकड्यांना १२० ने भागलं तर फ्लशचे ५,१४८ व्यवस्थित आले आणि फुल हाउसचे ३७४.४. चार दशांश हात म्हणजे काय, कळेना. कुठे फसतंय?

किलवर_किंग
सोपं आहे, एवढं डोकं नका लावू. हातात चार बदाम असतील आणि एक पान बदलायचं असेल तर न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम, म्हणजे १९ टक्के. दोन जोड्या असतील आणि पाचवं पान बदलायचं असेल तर उपयोगी पानं फक्त ४, म्हणजे साडेआठ टक्के. फ्लश दुपटीहून सोपा. मी तर नेहमी चार बदामांवर पैज मारतो.

सत्तीवर_सत्ती
धन्यवाद, पण मला आधी काहीच हातात नसताना एकदम पाच पानं मिळाली तर काय, ते हवंय. पान बदलायचा प्रश्नच नाही इथे.

किलवर_किंग
ओह, मग तुमचं चालू द्या.

उलटा_भागाकार
मला वाटतं १२० ने भागायचं ते फक्त फ्लशला. फुल हाउसला तुम्ही क्रम अर्धा आधीच ठरवून टाकलाय, तीन राजे आधी आणि दोन सत्त्या नंतर, तर तिथे तीन राजांचा आपापसातला क्रम ६ आणि दोन सत्त्यांचा २, असे १२ च क्रम काढून टाकायचे. ४४,९२८ भागिले १२ म्हणजे ३,७४४. झालं, मित्राचं बरोबर. फक्त आता याचं अर्धं करायला पाहिजे, कारण राजा-सत्ती आणि सत्ती-राजा असं प्रत्येक जोडगोळीचं दोनदा मोजणं होतंय. खरा आकडा १,८७२. दोन जोड्यांच्या हातात असंच अर्धं करतात, मी केलेलं आहे.

जुनी_वही
उलटा_भागाकार, तुमचा पहिला अर्धा भाग अगदी बरोबर, १२ ने भागायचं कारणही बरोबर. शेवटचं अर्धं करणं मात्र नको. दोन जोड्यांत, म्हणजे दोन राजे, दोन सत्त्या आणि एक सुटं पान, दोन्ही किमतींचं काम सारखंच असतं, आधी राजा निवडला काय आणि आधी सत्ती निवडली काय, हात तोच, म्हणून तिथे अर्धं. फुल हाउसमध्ये एकाची तिकडी आणि एकाची जोडी. तीन राजे दोन सत्त्या हा एक हात आणि तीन सत्त्या दोन राजे हा साफ वेगळा हात, पोकरमध्ये पहिला दुसऱ्याहून वरचढ धरतात. म्हणून तिकडीची किंमत १३ मधून आणि जोडीची उरलेल्या १२ मधून, १५६ पूर्ण घ्यायचे. पुढे चार राजांतून तीन घ्यायचे म्हणजे कुठला एक बाहेर ठेवायचा एवढंच, ४ प्रकार. चार सत्त्यांतून दोन म्हणजे इस्पिक-बदाम, इस्पिक-चौकट, इस्पिक-किलवर, बदाम-चौकट, बदाम-किलवर, चौकट-किलवर, ६ प्रकार. १५६ गुणिले २४, ३,७४४.

सत्तीवर_सत्ती, आता तुमची दहापट. तुम्ही वाटत मोजलंत ते चुकीचं नाही, फक्त ते एकाच तऱ्हेचं वाटप आहे, राजा राजा राजा सत्ती सत्ती. प्रत्यक्षात पानं सत्ती राजा राजा सत्ती राजा अशी आली तरी हातात फुल हाउसच असतं, पण तुमच्या मोजणीत दुसरं पान पहिल्याच्याच किमतीचं नाही म्हटल्यावर तो हात तिथेच बाद. दोन सत्त्या पाच जागांपैकी कुठल्या दोन जागांवर पडल्या ते लिहून काढा: १-२, १-३, १-४, १-५, २-३, २-४, २-५, ३-४, ३-५, ४-५. दहा. या प्रत्येक मांडणीचा गुणाकार काढलात तर अवयवांचा क्रम बदलतो पण उत्तर ४४,९२८ च येतं. उदाहरणार्थ सत्ती आधी आली तर ५२, मग राजा ४८, मग राजा ३, मग सत्ती ३, मग राजा २. तेच. म्हणून एकूण ४,४९,२८०, आणि *याला* १२० ने भागलं की ३,७४४.

फ्लशला ही दहापट का लागत नाही तर तिथे पाचही पानांवर अट एकच आहे, सगळी बदाम. कुठलं पान आधी आलं याने अट बदलत नाही, त्यामुळे तुमच्या एकाच गुणाकारात सगळे क्रम आपोआप आले. अटीत दोन गट पडले की जागा मोजाव्या लागतात.

आणि ते ३७४.४ टाकून देऊ नका, ती फार उपयोगी खूण आहे. सगळे क्रम मोजले असतील तर प्रत्येक हात बरोबर १२० वेळा येतो, त्यामुळे भाग पूर्ण जायलाच हवा. नाही गेला तर काही क्रम सुटलेत किंवा जास्त मोजलेत हे नक्की. उलटं मात्र खरं नाही, भाग पूर्ण गेला म्हणून मोजणी बरोबर असं समजू नका, वरचे १,८७२ पण पूर्णच आहेत.

सत्तीवर_सत्ती
जागांची यादी वाचून एकदम उलगडलं. म्हणजे शक्यता काढायची तर २५,९८,९६० ने भागायचं ना? फुल हाउस साधारण ६९४ हातांत एक आणि फ्लश ५०५ हातांत एक?

जुनी_वही
हो. फक्त त्या ५,१४८ मध्ये स्ट्रेट फ्लश पण बसलेत, सलग पाच पानं एकाच रंगाची, असे प्रत्येक रंगात १० म्हणजे ४०. ते पोकरमध्ये वेगळे आणि वरचे धरतात, वजा केले की ५,१०८ आणि ५०९ हातांत एक. तुलनेत काही बिघडत नाही, १.३७५ चं १.३६ होतं.

नशीब_आपलं
कागदावर काही म्हणा, आमच्या ग्रुपमध्ये फुल हाउसच जास्त पडतात. गेली काही वर्षं बघतोय.

उलटा_भागाकार
अर्धं न करण्याचं पटलं, राजा-सत्तीचे दोन्ही हात कागदावर लिहून बघितले. @नशीब_आपलं, किती हात बघितलेत यावर आहे ते. दहा हजार हातांत सरासरी १४ फुल हाउस आणि २० फ्लश अपेक्षित, त्यात पाचसहाचा इकडेतिकडे फरक नेहमीचाच, सहज उलटं दिसू शकतं. लाखभर हातांत १४४ आणि १९७ च्या आसपास, तिथे मग फ्लशच पुढे असणार. आणि तुम्ही सात पानांतून पाच निवडायचा खेळ खेळत असाल तर हिशेबच वेगळा, शिवाय लोक पडके हात आधीच टाकून देतात, त्यामुळे उघडे झालेले हात म्हणजे सगळे वाटलेले हात नव्हेत.

नशीब_आपलं
सातच पानांचा खेळतो. पण तरी.

छक्की_पासून_पुढे
माझा जरा वेगळा प्रॉब्लेम, इथेच विचारतो. मी शॉर्ट डेक खेळतो, दुर्री ते पंजी काढून टाकलेली, ३६ पानं. तिथे फ्लश फुल हाउसला हरवतो. मला वाटायचं गंमत म्हणून उलटं केलंय. हे मोजणीतून येतं का?

जुनी_वही
मोजणीतूनच येतं. आता प्रत्येक रंगात ९ पानं, त्यातून पाच निवडायचे १२६ प्रकार, चार रंगांचे ५०४ फ्लश. फुल हाउस ९ गुणिले ८ गुणिले २४, १,७२८. तिपटीहून जास्त. किमती कमी केल्या की एका रंगातली पानं कमी होतात आणि त्यातून पाच जमवणं झपाट्याने अवघड होतं, पण राजे चारच्या चार शाबूत आहेत, त्यामुळे तिकडी-जोडीवर तेवढा मार बसत नाही.

सत्तीवर_सत्ती
म्हणजे १३ किमतींना फ्लश जास्त, ९ ना फुल हाउस जास्त, तर मध्ये कुठेतरी पारडं फिरत असणार. १२ ला करून बघितलं, नुसत्या दुर्र्या काढल्या तर. १२ मधून पाच ७९२, गुणिले ४, फ्लश ३,१६८. फुल हाउस १२ गुणिले ११ गुणिले २४, तेही ३,१६८!! हे खरंच असं आहे का माझी परत कुठेतरी गफलत?

जुनी_वही
गफलत नाही, ४८ पानांत दोन्ही अगदी सारखे. किमती n धरून दोन्ही सूत्रं समान ठेवली आणि n(n-1) दोन्हीकडून उडवलं की (n-2)(n-3)(n-4) = 720 उरतं आणि १० गुणिले ९ गुणिले ८ म्हणजे ७२०. मात्र स्ट्रेट फ्लश वजा केलेत तर फ्लश थोडे कमी पडतात, म्हणजे नुसत्या चार दुर्र्या काढल्या तरी नियमाने फ्लश वर जायला हवा.

उलटा_भागाकार
मग या ३,१६८ फ्लशांची ३,१६८ फुल हाउसशी थेट जोडी लावता येईल का? म्हणजे प्रत्येक फ्लशवरून ठराविक कृतीने एकच फुल हाउस मिळेल अशी? रंग चार आणि तिकडीत बाहेर राहिलेलं पान चारपैकी एक, तेवढं जुळतंय. पण ७९२ ची जोडी १३२ गुणिले ६ शी कशी लावायची ते सुचत नाहीये.

जुनी_वही
मलाही अजून सुचलेलं नाही. पाच पानांच्या पाच किमतींवरून दोन किमती क्रमाने आणि वर सहापैकी एक पर्याय काढायचा आहे, आणि परतही जाता यायला हवं. ७२० आकड्यापुरता जुळला म्हणून सरळ कृती असेलच असं नाही. कुणाला जमलं तर टाका.