दोन विंगमधली केबल आणि वळवाची वीज: प्रोटेक्टर की फायबर?

सचिव_बी_विंग: ए आणि बी विंगमध्ये गच्चीवरून ६० मीटर कॅट-सिक्स केबल आहे. दर वळवात बी विंगच्या स्विचचे पोर्ट मरतात. केबलवर वीज पडलेली कुणी पाहिली नाही, टेस्टरवर केबल ठणठणीत. वेंडर म्हणतो दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावा. भाचा म्हणतो फायबरच टाका. कुणाचं ऐकू?

खड्डेवाला: वेंडरचं. पण आधी अर्थिंग सुधारा. नेटवर्कच्या रॅकसाठी वेगळा खड्डा घ्या, कोळसा-मीठ घालून रीडिंग १ ओहमच्या खाली आणा. इमारतीच्या अर्थिंगला तो जोडू नका, लिफ्ट-पंपांचा सगळा कचरा स्विचमध्ये येतो. फायबर म्हणजे वेंडरला दुसरं बिल.

ओएफसी_काका: रीडिंग कमी करा हे ठीक. वेगळा खड्डा मात्र स्विच मारणारा सल्ला आहे.

समजा ए विंगवर वीज पडली आणि तिथल्या अर्थिंगमधून ५ हजार अँपिअर जमिनीत गेले. खड्डा २ ओहमचा, म्हणजे चांगलाच. तरी तेवढ्या क्षणापुरतं ए विंगचं अख्खं अर्थिंग, स्विचच्या बॉडीसकट, १० हजार व्होल्ट वर चढतं. बी विंग जवळपास होती तिथेच असते. या दोघांना जोडणारी तुमची केबल. पोर्टातल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन १५०० व्होल्टच्या चाचणीला उतरलेलं असतं. १० हजार व्होल्टसमोर ते फुटतं. मग प्रवाह केबलमधून बी विंगच्या पोर्टात शिरतो आणि स्विचच्या वीजपुरवठ्यातून तिथल्या अर्थला जातो. पोर्ट त्या वाटेवर आहे म्हणून मरतो, केबलवर वीज पडावी लागत नाही. आता एकाच खोलीत दोन न जोडलेले खड्डे आणलेत, तर हाच फरक रॅकच्या आत येईल.

सुलभा_ताई: आमच्याकडे मागच्या वर्षी टीव्ही आणि फ्रिज दोन्ही गेले. गच्चीवर लाइटनिंग अरेस्टर बसवला की हे सगळं थांबतं ना? इन्व्हर्टर पण वाचेल का?

ओएफसी_काका: ताई, अरेस्टर इमारत वाचवतो. वीज जमिनीपर्यंत नेतो, म्हणजे वर सांगितलेला चढ तोच घडवतो. टीव्ही-फ्रिजसाठी मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर लागतो, तो वेगळा विषय.

टॉवरवाला: काका, प्रोटेक्टरला इतकं मोडीत काढू नका. टॉवरवरचे रेडिओ आम्ही कॉपरवरच चालवतो. दोष बसवण्यात असतो. प्रोटेक्टर गच्चीच्या दाराशी लावतात आणि त्याची हिरवी वायर ३ मीटरवरच्या अर्थिंगच्या पट्टीपर्यंत वळवळत नेतात. विजेचा प्रवाह इतक्या झपाट्याने वाढतो की सरळ वायरसुद्धा अडवते. मायक्रोसेकंदाला १ हजार अँपिअर वाढ धरली तर मीटरमागे साधारण १ हजार व्होल्ट. म्हणजे ३ मीटरमध्ये ३ हजार, आणि ते पोर्टालाच दिसतात. प्रोटेक्टर, स्विचची बॉडी आणि स्विचच्या प्लगचा अर्थ एकाच पट्टीवर घ्या, वायर हातभर. तिथे पैसा वसूल होतो.

ओएफसी_काका: बसवण्याबद्दल शंभर टक्के मान्य. पण तुमचा टॉवर आणि त्याखालची खोली एकाच अर्थिंगवर असतात, दुसऱ्या टॉवरपर्यंत मधे हवा असते. इथे मधे तांबं आहे.

सचिव_बी_विंग: एक विचित्र गोष्ट. केबल फक्त ५ नंबरला होती, पण ५ ते ८ चारही गेले. आणि ३ नंबर चालतो, पण संथ.

टॉवरवाला: बऱ्याच स्विचमध्ये चार पोर्टांना एक चिप असते. चिप गेली की शेजारीही जातात. ३ नंबरला लिनक्स मशीन असेल तर त्यावर बघा:

```
ethtool eth0
Speed: 100Mb/s
```

इंटरफेसचं नाव तुमचं टाका. चांगल्या केबलवर १००० ऐवजी १०० आलं, तर बहुधा पोर्टातली एखादी जोडी गेली आहे. १०० ला दोनच जोड्या पुरतात म्हणून तो अजून रडतखडत चालतो. आधी केबल बदलून खात्री करा, मग स्विच बदला.

खड्डेवाला: फायबर टाकलं तरी वीज लाइटीतून येतेच की! मग उपयोग काय?

ओएफसी_काका: येते, खरं आहे. पण आज दोन वाटा आहेत, त्यातली जास्त वाईट बंद होते. फायबर घेताना पोलादी आर्मर किंवा लोखंडी तार नसलेलं मागा, नाहीतर धातू पुन्हा दोन्ही इमारतींना जोडतो. जुनी कॉपर 'बॅकअप' म्हणून पोर्टात खोचून ठेवू नका.

सचिव_बी_विंग: फायबर ठरलं. पण गेटच्या लोखंडी खांबावर कॅमेरा आहे, त्याला वीज त्याच्या नेटवर्कच्या केबलमधूनच, पीओईने जाते. तिथे लाइट नाही. फायबर वीज कशी नेणार?

टॉवरवाला: म्हणून म्हणत होतो! तिथे कॉपर आणि दोन्ही टोकांना पीओईचा प्रोटेक्टर. खांबाकडचा खांबालाच जोडा, इमारतीकडचा केबल आत येते तिथे, मुख्य पट्टीला.

ओएफसी_काका: मी त्या कॅमेऱ्याला वेगळा स्वस्त चार पोर्टांचा पीओई स्विच देईन आणि तो मुख्य स्विचला फायबरच्या तुकड्याने जोडेन. गेला तर कॅमेरा आणि छोटा स्विच जाईल.

टॉवरवाला: आणि तो छोटा स्विच त्याच रॅकच्या प्लगवर लावला तर? तुमची तोडलेली वाट लाइटीतून परत जोडली गेली ना.

ओएफसी_काका: त्याला वेगळा बोर्ड द्या, केबल आत येते तिथला.

टॉवरवाला: तोही त्याच मीटरवर. मला पटलेलं नाही.