कळसूबाई, ऑक्टोबर, १२ जण: नवख्यांच्या स्लाइडमध्ये काय ठेवू, काय काढू?

पायवाट: ऑक्टोबरात बारी गावातून कळसूबाई, एका दिवसात वर-खाली. १२ जण, त्यातले ९ पहिल्यांदाच येतायत. ग्रुपवर टाकायला ८ स्लाइड केल्यात: पाणी २ लिटर, सुका खाऊ, मोबाइलचा टॉर्च, प्रथमोपचार, टोपी, ५० फूट दोर, काय न्यायचं नाही, ग्रुपचे नियम. काय काढू, काय वाढवू?

खिंडकरी: दोर काढा. वापरता न येणाऱ्याकडे दोर असला की तो झुडपाला बांधून भलतीकडून उतरायचा मोह होतो. या वाटेवर अवघड टप्प्यांना शिड्या आहेत, दोर लागतच नाही. पाणी मात्र ३ लिटर करा. ऑक्टोबरच्या उन्हात ताशी अर्धा लिटर सहज जातं. २ लिटर चार तासांत, म्हणजे माथ्यावरच संपणार आणि अख्खी उतरण कोरडी.

गडभटक्या: ३ लिटर जास्त होतं. नुसत्या पाण्याचेच ३ किलो, नवखा पहिल्या शिडीआधीच बसेल. सुट्टीच्या दिवशी वाटेत लिंबूसरबतवाले असतात. दीड लिटर आणि सुटे पैसे पुरे. ओआरएसपेक्षा ग्लुकोज पावडर द्या, पोरं आवडीने पितात.

खिंडकरी: वजनाचं खरं आहे, पण पाण्याचं ओझं पिऊ तसं उतरत जातं. टपरी मधल्या वारी उघडी असेलच असं नाही. ग्लुकोजचं मात्र पटत नाही. घामातून मीठ जातं आणि साध्या ग्लुकोज पावडरीत मीठ नसतं. मग उतरताना मांडीत गोळे येऊ शकतात. ओआरएसची मोठी पुडी अख्खी १ लिटरमध्येच घाला. घाईत एका ग्लासात ढवळून दिली तर द्रावण फार दाट होतं आणि त्रास उलट वाढतो. चार-पाच तासांत लघवीला झालं नसेल किंवा गडद पिवळी होत असेल, तर त्या माणसाला सावलीत बसवा, घोट घोट पाजा आणि वर नेऊ नका.

मीनल_नाशिक: माझी आई ५६ वर्षांची आहे, बीपीची गोळी चालू आहे. तिला नीकॅप घेऊ का? कोणत्या कंपनीची चांगली?

सोनकी: मीनलताई, नीकॅपच्या आधी गोळीचं बघा. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, तेव्हा उन्हातल्या चालण्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. गोळी आईच्याच बॅगेत ठेवा आणि लीडरला सांगून ठेवा. पायवाट, तुमच्या प्रथमोपचारात पेनकिलर असेल तर ती सरसकट वाटू नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांचा किडनीवर ताण येतो.

आणि शिडीसाठी एक वेगळी स्लाइड कराच. बाटली बॅगेच्या बाजूच्या जाळीत असते. शिडीवर माणूस पुढे वाकला की ती सटकते आणि खालच्याच्या डोक्यावर येते. भरलेली स्टीलची बाटली असेल तर डोकं फुटेल. म्हणून शिडीच्या पायथ्याशी दोन मिनिटं थांबायचं. बाटली बॅगेच्या आत, काठी आत किंवा पाठीला घट्ट, लोंबणारे पट्टे खोचलेले, दोन्ही हात मोकळे. एका खांद्याची बॅग आणूच देऊ नका. ती पायरीगणिक बाजूला झुलते आणि तोल खेचते.

गडभटक्या: हे मान्य. पण 'काय न्यायचं नाही'च्या स्लाइडवर "स्पीकर नको" कशाला? दमलेल्यांना गाण्याने हुरूप येतो.

सोनकी: वरून कुणी "दगड!" ओरडलं तर ते ऐकू यायला हवं. अत्तर, डिओसुद्धा त्याच स्लाइडवर घाला. उग्र वासाने आग्या मोहोळ उठू शकतं, धुराने तर उठतंच. माश्या उठल्या तर हात न झटकता, तोंड झाकून तिथून लांब पळायचं.

खिंडकरी: मोबाइलचा टॉर्च खोडा आणि डोक्याला लावायचा लिहा. मोबाइल एका हातात धरून शिडी उतरता येत नाही. परतीची वेळही लिहा. बारीतून सकाळी ७ ला निघालात तर दुपारी १२ ला, माथा आला नसला तरी, मागे फिरायचं. ऑक्टोबरात साडेसहापर्यंत काळोख पडायला लागतो आणि नवख्यांना उतरायलाही तीन-चार तास लागतात. पुढे एक माहीतगार, शेवटी एक. शेवटच्याच्या मागे कुणी राहायचं नाही, आणि प्रत्येक फाट्यावर १२ डोकी मोजूनच पुढे.

पायवाट: दोर काढला, शिडीची स्लाइड घातली. पाणी अडीच लिटर लिहितोय, एक ओआरएसची पुडी सक्तीची. शिडीवर गर्दी असली तर आधी कोण, चढणारे की उतरणारे?

गडभटक्या: उतरणारे. ते दमलेले असतात, पाय थरथरतात.

खिंडकरी: मी चढणाऱ्यांना आधी सोडतो. वर थांबलेल्याला बसायला जागा असते, खालचे मात्र अरुंद वाटेवर दाटीवाटीने उभे असतात. शिडीवर असलेल्याला पूर्ण पार होऊ द्यायचं, एवढं मात्र नक्की लिहा.