मदत हवी आहे: एडिटनंतर पडलेल्या फटीत दोन वाक्यं घालायचीयेत, पण ती ठिगळासारखी ऐकू येतायत

मुठाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून पुण्याच्या जुन्या घटनांवर मराठी पॉडकास्ट करतो, आत्ता पानशेतच्या पुराचा भाग चालूय (१२ जुलै १९६१). निवेदन आणि मुलाखती रेकॉर्ड होऊन महिना झाला, आता एडिटमध्ये कात्री लावल्यावर दोन ठिकाणी गोष्ट तुटतेय. पहिली जागा अशी:

निवेदन: "रात्रभर जवान वाळूची पोती रचतायत. पाऊस थांबत नाहीये. आणि सकाळी पानशेत जातं."
(इथे एका काकांचं खडकवासल्याबद्दलचं लांब बोलणं होतं, त्यात मागून मिक्सर चालू, शिवाय रेंगाळलेलं, म्हणून उडवलं.)
निवेदन: "तेही टिकत नाही. आणि मग पाणी शहराकडे येतं."

आता "तेही" म्हणजे काय ते ऐकणाऱ्याला कळायला मार्गच नाही. मी पिकपसाठी हे लिहिलंय: "पानशेत धरण फुटल्यानंतर त्यातील पाणी खडकवासला धरणामध्ये आले, जे ब्रिटिशकालीन होते." निवेदिकेने फोनवर वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी हसलो, एकदम पाचवीचं पुस्तक. खाली म्युझिक बसवून झालंय, "पानशेत जातं" नंतर सात सेकंदांनी तबल्याची थाप येते, तेवढ्यातच बसवायचंय. मूळ बाजाला जुळेल असं कसं लिहायचं?

टपरीवरचा
सुरुवातीचे सात सेकंद म्हणजे सगळं काही! प्रश्न विचारून सुरू करा, "तुम्हाला माहितीये का, एका दिवसात दोन धरणं फुटली?" माणूस स्क्रोल करायचा थांबतो. आमच्या रीलला याने फरक पडला.

मुठाकाठ
@टपरीवरचा दादा, सुरुवात नाही हो, हे भागाच्या मधोमध आहे. ऐकणारा आधीच थांबलेला आहे, त्याला हरवू द्यायचं नाहीये एवढंच.

फेडर_आजोबा
रेडिओत रूपकं करण्यात बरीच वर्षं काढली, ठिगळं पुष्कळ लावलीत.

ताई, तुमचं वाक्य पुस्तकी का वाटतं ते आधी बघा. मूळ निवेदनात सगळं चालू काळात आहे, रचतायत, थांबत नाहीये, जातं. वाक्यं चार-पाच शब्दांची, क्रियापदावर संपणारी. तुमचं ठिगळ "आले" आणि "होते" म्हणतं, म्हणजे बाई अचानक १९६१ मधून उठून आजच्या खुर्चीत येऊन बसल्या. वर "त्यातील", "धरणामध्ये", आणि ते शेवटी लोंबणारं "जे", तसं आपण तोंडाने बोलत नाही. मूळ स्क्रिप्टची आधीची-नंतरची दोन पानं मोठ्यांदा वाचा आणि मग कागद न बघता तीच गोष्ट शेजारच्याला सांगा, येईल ते लिहून घ्या. ठिगळातले शब्द शक्यतो त्याच दोन पानांतले हवेत.

दुसरं, ठिगळाला एकच काम द्या. तुम्ही तीन दिलीत, पानशेत फुटलं (हे आधीच सांगून झालंय), पाणी पुढे गेलं, आणि धरण इंग्रजांचं होतं. पहिलं काढून टाका.

गल्लीतला_गवय्या
लिहिण्याचा एवढा विचार करू नका, खरी गडबड आवाजाची असते. ईक्यू मॅच करणारं प्लगइन लावा, जुन्या क्लिपवरून शिकतं आणि नव्याला तसंच करतं. कुठेही, कशावरही रेकॉर्ड करा, काम झालं.

शेवंता
मी ऑडिओबुक वाचते, माझा अनुभव सांगते. एका कादंबरीत प्रकाशकाकडून करेक्शन आलं, दोन ओळी परत वाचायच्या होत्या. मूळ रेकॉर्डिंग सकाळचं होतं आणि करेक्शन मी संध्याकाळी दिवसभर क्लासवर शिकवून आल्यावर वाचलं, आवाज वरच्या पट्टीत आणि घसा ताणलेला, प्लगइनने त्याला काहीही झालं नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, परत वाचलं तेव्हा बसलं. तेव्हापासून संपादकांना सांगते की मला नुसती ओळ पाठवू नका, आधीच्या दोन ओळींचा ऑडिओ पाठवा. तो कानात ऐकायचा, त्यातली शेवटची ओळ स्वतः म्हणायची आणि न थांबता नव्या ओळीत शिरायचं, पुढचीही एक ओळ म्हणायची. जास्तीचं एडिटमध्ये कापता येतं. नुसती सुटी ओळ वाचली की प्रत्येक जण ती बातमीसारखी सुरू करतो आणि खाली टेकवून संपवतो.

फेडर_आजोबा
@शेवंता अगदी. @गवय्या, अर्धं बरोबर आहे तुमचं. ईक्यूने आवाजाचा रंग जवळ येतो. पण बाई माइकपासून वीतभर होत्या की हातभर, खोलीत गाद्या होत्या की उघड्या फरश्या, हे त्याने पुसलं जात नाही. घुमलेला आवाज घुमलेलाच राहतो. माइक, अंतर आणि खोली तीच ठेवा, मग ईक्यूला थोडंच काम उरतं.

आता ताईंच्या वाक्याकडे. मी असं करीन:

"पाणी येऊन आदळतं खडकवासल्याच्या जुन्या धरणावर."

आणि लगेच "तेही टिकत नाही". म्हणून बघा.

मुठाकाठ
आजोबा, बाज मस्त जुळला. पण निवेदिका म्हणाली तिला ऐकताना क्षणभर वाटलं की *पाणी* टिकत नाही. "ते पाणी" आणि "ते धरण", दोन्ही नपुंसकलिंगी, आणि वाक्य सुरूच पाण्याने होतंय.

फेडर_आजोबा
कान चांगला आहे त्यांचा, त्यांना सांगा. मग धरण शेवटी आणू आणि मोकळं ठेवू, "वर" वगैरे प्रत्यय न लावता:

"पाणी निघतं आंबीतून मुठेत, मुठेतून खाली. वाटेत खडकवासल्याचं जुनं, इंग्रजांच्या काळातलं धरण."
"तेही टिकत नाही."

आता कानात शेवटचा शब्द "धरण" आहे, "तेही" त्यालाच जाऊन चिकटेल. दुसऱ्या वाक्याला क्रियापद नाही ते मुद्दाम. त्यामुळे आवाज खाली टेकत नाही, अधांतरी राहतो आणि पुढचं मूळ वाक्य तो उचलून घेतं. ठिगळाच्या शेवटी पूर्णविराम पडल्यासारखं वाटलं तर पुढची मूळ ओळ नव्याने सुरू झाल्यासारखी वाटते, आणि तिथेच ऐकणाऱ्याला शिवण कळते.

मुठाकाठ
भारी. फक्त लांबी. तिचं मूळ निवेदन मिनिटाला साधारण १२० शब्दांचं आहे, म्हणजे सेकंदाला दोन, आणि हे बारा शब्द म्हणजे सहा सेकंदांत बसायला हवं होतं. पण तिने म्हटलं तर आठच्या वर जातंय.

शेवंता
शब्द मोजून मराठीत फसायला होतं, "इंग्रजांच्या" आणि "वर" दोन्ही एकेकच शब्द. अक्षरं मोजा. तुमच्या मूळ ओळीत "पाऊस", "थांबत", "सकाळी", "जातं" असे दोन-तीन अक्षरी शब्द आहेत, या नव्या ओळीत "खडकवासल्याचं", "इंग्रजांच्या", "काळातलं" सगळे लांब. आणि दोन वाक्यांमध्ये श्वासही लागणार, तो धरलाच नाहीये कोणी.

गल्लीतला_गवय्या
मग वेग थोडा वाढवा ना सॉफ्टवेअरमध्ये, पिच न बदलता होतं.

शेवंता
आठाचं सात करायचं म्हणजे चांगलंच जोरात पळवावं लागेल. शेजारी तिचाच संथ आवाज असताना ते लगेच कळतं.

फेडर_आजोबा
"मुठेतून खाली" काढा, पाणी खालीच जाणार. आणि "जुनं, इंग्रजांच्या काळातलं" ऐवजी "ऐंशी वर्षं जुनं". खडकवासला १८७९ च्या सुमारास पूर्ण झालं, तेव्हा हिशोब जमतो. नवंकोरं पानशेत गेलं आणि आता हे ऐंशी वर्षांचं, तो विरोधही न सांगता पोचतो.

"पाणी निघतं आंबीतून मुठेत. वाटेत खडकवासल्याचं, ऐंशी वर्षं जुनं धरण."

दगडीचाळ
पण पुणेकर नसलेल्याला आंबी काय कळणार? मी कोल्हापूरचा, मला मुठा माहितीये, आंबी नाही. "पाणी मुठेत उतरतं" एवढंच करा की, आणखी तोकडं होईल.

फेडर_आजोबा
चालेल. आधीच्या भागात आंबीचं नाव येऊन गेलं असेल तर ठेवा, नसेल तर ठिगळात नवं नाव आणू नका. ऐकणारा त्या नावापाशी अडकतो आणि तुमची शिवण बघत बसतो.

मुठाकाठ
नाही आलंय नाव. मग "पाणी मुठेत उतरतं. वाटेत खडकवासल्याचं, ऐंशी वर्षं जुनं धरण." हे पक्कं. आत्ता तिला फोनवर म्हणायला लावलं, श्वास धरून साडेपाच सेकंद. दीड सेकंद शांतता आणि मग थाप, हे मूळपेक्षाही बरं वाटतंय.

दुसरी जागा: दुसरे एक काका थेट "मी तिथंच होतो, जिन्यात" असं सुरू होतात, कारण त्यांची ओळख कापली गेली. मी लिहिलंय, "नारायण पेठेतल्या एका वाड्यात दहा वर्षांचा एक मुलगा जिन्यात उभा आहे. पाणी दुसऱ्या मजल्याला लागलंय."

फेडर_आजोबा
"जिन्यात" काढा, ते काका स्वतः सांगतायत, त्यांचं वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू द्या. आणि दुसरा मजला कुठून आला?

मुठाकाठ
बोलण्यात "वरपर्यंत पाणी" म्हणाले होते. मला वाटलं दुसरा मजला.

फेडर_आजोबा
मग नाही लिहायचं. पिकपमध्ये टेपवर नसलेली गोष्ट घुसवायची नाही, ती पुढे त्यांच्याच नावावर खपते. त्यांना फोन करून विचारा, नाहीतर "नारायण पेठेतला एक वाडा. दहा वर्षांचा एक मुलगा." इथेच थांबा. वय आणि पेठ तरी टेपवर आहे ना?

मुठाकाठ
हो, दोन्ही आहे, कापलेल्या तुकड्यात. आता खरी अडचण सांगते, निवेदिका मागच्या आठवड्यात बंगळूरला शिफ्ट झाली. माइक इथे माझ्याकडे, मूळ रेकॉर्डिंग माझ्या आतल्या खोलीत, कपड्यांच्या कपाटासमोर. तिच्याकडे दुसरा माइक आहे.

शेवंता
माइक कुरिअर करा, तिने तिथल्या कपाटासमोर तेवढ्याच अंतरावर बसावं. आणि मूळ फायलीतून कोणी न बोलतानाची खोलीची शांतता अर्धा मिनिट काढून ठेवा, ठिगळाच्या खाली ती पसरली की जोड बराच झाकतो.

गल्लीतला_गवय्या
एवढं करण्यापेक्षा तो अख्खा परिच्छेदच नवीन रेकॉर्ड करा, मग सगळं एकसारखं. "तेही टिकत नाही" पण नवीनच घ्यायचं.

फेडर_आजोबा
हे मात्र पटण्यासारखं आहे. माझी सवय कमीत कमी बदलायची, कारण मूळ टेकमध्ये जी धग असते ती दुसऱ्यांदा येत नाही. पण दोन वेगळ्या खोल्यांचा जोड वाक्याच्या मध्ये येण्यापेक्षा म्युझिकच्या आड आलेला बरा. थापेनंतर आवाज बदलला तर कान माफ करतो.

शेवंता
मी तरी ओळच घेईन. "सकाळी पानशेत जातं" ज्या आवाजात म्हटलंय, त्याच्या शेजारी "तेही टिकत नाही" त्याच दिवसाचं असायला हवं.

मुठाकाठ
दोन्ही घ्यायला सांगते तिला, ओळ वेगळी आणि परिच्छेद वेगळा. माइक उद्या पाठवतेय. तोपर्यंत एक सांगा, पहिल्या काकांचं बोलणं अख्खं उडालं आणि त्यांचाच मुद्दा आता निवेदिका सांगणार, तर त्यांना आधी कळवायचं असतं का, की शेवटी श्रेयनामावलीत नाव आलं की पुरे?

दगडीचाळ
कळवा. म्हातारी माणसं भाग लागल्यावर सगळ्या नातेवाइकांना फोन करून बसवतात ऐकायला.