मदत हवी आहे: चौतिशीत हनुवटीवर पुळ्या आणि डोळ्यांशी रेषा, नेमकं लावू काय?

देवगडकरीण
वय ३४. कॉलेजात असताना चेहरा स्वच्छ होता. आता पाळीच्या आठवडाभर आधी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला ठणकणाऱ्या, खोल पुळ्या येतात. त्या गेल्या की काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. त्यात डोळ्यांच्या कोपऱ्यांशी रेषाही दिसायला लागल्यात. आमचा आंब्याचा व्यवसाय, त्यामुळे सीझनला दिवसभर उन्हात आणि घामात. सध्या दोन वेळा सॅलिसिलिक फेसवॉश, सकाळी व्हिटॅमिन सी, रात्री नायसिनामाइड आणि त्यावर रेटिनॉल. गेले काही दिवस साध्या पाण्यानं तोंड धुतलं तरी गाल चुरचुरतात. पुळ्यांचं औषध लावलं की रेषा वाढतील आणि रेषांचं लावलं की पुळ्या, असं वाटतंय.

सातचीएसटी
रेटिनॉलनं आधी पुळ्या वाढतातच, आतली घाण बाहेर येते. दोन महिने दम धर, थांबू नकोस.

कातळसडा
फार्मसिस्ट आहे, कुडाळला. सुरुवातीला पुळ्या वाढू शकतात हे खरं, पण त्या नेहमीच्याच जागी येतात आणि लवकर बसतात. पाण्यानं चुरचुरणं ही वेगळी गोष्ट. त्वचेचा वरचा थर दुखावलाय, तिथे दम धरून उपयोग नाही.

ताई, आधी सगळं बंद करा. साधा, कमी फेस होणारा फेसवॉश, हलकं जेल मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बस. पाणी लागायचं थांबेपर्यंत एवढंच. साधारण दोन आठवडे लागतात, कधी जास्तही.

मग दोन्हीसाठी एकच औषध पुरतं. ॲडापलीन ०.१ टक्के जेल, तेही त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून, चिठ्ठीवर. रेटिनॉलच्याच कुळातलं आहे. छिद्रं तुंबू देत नाही, म्हणून नव्या पुळ्या कमी होतात. बारीक रेषांवरही थोडा फरक पडतो, पण तो पुळ्यांच्या बराच नंतर दिसतो, आणि त्याबाबत ट्रेटिनॉइनचा पुरावा जास्त भक्कम आहे. हे घेतलंत की तुमचं रेटिनॉल कायमचं बाजूला.

लावायची पद्धत: रात्री तोंड धुऊन पूर्ण कोरडं होऊ द्या, आपल्याकडच्या दमट हवेत पंख्याखाली बसा. आधी मॉइश्चरायझर, त्यावर वाटाण्याएवढं जेल अख्ख्या चेहऱ्यावर. नुसतं पुळीवर टिपकं नको, कारण ते पुढची पुळी अडवण्यासाठी आहे. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडा. सोमवार आणि गुरुवार, एवढ्यानं सुरू करा. नीट सोसलं तर एकाआड एक रात्र. पुळ्यांचा निकाल तीन महिन्यांनी बघा, त्याआधी नाही.

रापणवाली
गो बाय, माका बाळंतपणानंतर गालार वांग इले. मेडिकलातून एक क्रीम आणलंय, आठ दिवसांत तोंड उजाळला. आता नाय लावलंय तर लाल होता आणि आग होता. तू तीच लाव, फरक पडता.

कातळसडा
काकी, त्यांचा प्रश्न वांगाचा नाही. पण तुमच्या ट्यूबवर मोमेटासोन किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा. असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. चेहऱ्यावर लावत राहिलं की असंच होतं, सोडलं की आग. चिठ्ठीशिवाय द्यायलाच नको होतं. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा, तोवर देवगडकरीणला देऊ नका.

सातचीएसटी
बरं, थांबायचं ते कळलं. पण खोबरेल चालेल ना रात्री? आमच्याकडे सगळे लावतात.

कातळसडा
हातापायांना खुशाल लावा. पुळ्या येणाऱ्या चेहऱ्यावर नको, बऱ्याच जणांची छिद्रं तुंबतात.

देवगडकरीण
दादा, खूप आभार. सनस्क्रीन घामानं डोळ्यात उतरतं, मग मी डोळ्यांभोवती टाळतेच. आणि एक सांगायचं राहिलं, दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे. पाळी वेळेवर असते.

कातळसडा
हे सांगितलंत ते बरं झालं. मग ॲडापलीन नको, रेटिनॉलही नको, गरोदरपणात ही औषधं टाळतात. डॉक्टरांना ॲझेलेइक ॲसिडबद्दल विचारा, १० किंवा २० टक्क्यांत मिळतं. पुळ्या आणि काळे डाग दोन्हींवर चालतं, गरोदरपणातही सहसा देतात. सुरुवातीला थोडी खाज सुटते, पाचदहा मिनिटांत उतरते. खाज टिकली किंवा लाली उरली तर एक दिवसाआड करा. रेषांवर मात्र त्याचा फारसा भरवसा नाही. त्या आता सनस्क्रीनवर.

डोळ्यांभोवती स्टिक लावा, झिंक असलेली, ती कमी ओघळते. बागेत रुंद काठाची टोपी घाला, आणि घाम पुसलात की पुन्हा लावा. तोंडाला बांधायचा स्कार्फ रोज धुताय ना? हनुवटीवर तोच घासत असेल.

देवगडकरीण
स्कार्फ आठवड्यातून एकदा धुते. पण पुळ्या नेमक्या पाळीच्या आधीच का, हे काही कळलं नाही.

कातळसडा
त्या दिवसांत हार्मोन बदलतात आणि तेल वाढतं, जबड्याकडे त्याचा जोर जास्त. पाळी वेळेवर असली तरी हनुवटीवर राठ केस येत असतील तर गायनॅककडे सांगा. बाळाचा विचार आहेच, त्याच फेरीत होईल.